जल, तरु आणि हिस्सा : दख्खनमधील सामाईक विहिरीच्या हक्काचा इतिहास

१

मराठी इनामपत्रांत जमीन देताना एक ठरावीक शब्दमालिका येते : ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’. यांसह गाव किंवा शेत दिले, मात्र त्यातून ‘हकदार व इनामदार’ वगळले, असा मजकूर लेखक पुढे जोडतो. ही मालिका मराठी दफ्तरात जन्मलेली नाही. कर्नाटकातील आणि विजयनगरच्या दानलेखांत ‘अष्टभोग’ या नावाने निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध आणि साध्य अशी आठ पदे मोजली जातात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर मराठी यादी संस्कृत दानलेखांच्या परंपरेतलीच आहे हे कळते. तरु, तृण, काष्ठ ही शेतकऱ्याच्या नित्य उपयोगाची नावे तिने त्यात ठळक केली आहेत.

या शब्दमालिकेचा एक विशेष असा की, जमिनीवर असलेले, जमिनीत पुरलेले आणि जमिनीखालून वाहणारे यांत ती भेद करीत नाही. झाड, दगड, पाणी आणि पुरलेले धन ही सारी भोगाची अंगे म्हणून एकाच दमात सांगितली जातात. ‘खेरीज हकदार’ या शब्दांनी मात्र एक महत्त्वाची मर्यादा घातली आहे. भोग दिला, तरी त्या भोगात आधीपासून ज्यांचा वाटा आहे त्यांचा वाटा दिलेला नाही. जल मिळते ते इतरांचे हक्क सोडून मिळते.

एकोणिसाव्या शतकात कायद्याने ही यादी फोडली. झाड जमीनधारकाकडे गेले, विहिरीचे बांधकाम ते बांधणाऱ्यांकडे राहिले आणि जमिनीखालचे पाणी जो उपसेल त्याचे ठरले. विहिरीतील ‘हिस्सा’ हा शब्द वाटणीपत्रांत आणि सातबारावर टिकला. त्या हिश्शाने ज्याची हमी द्यायची ते पाणी मात्र कायद्याच्या नजरेत कोणाचेच नव्हते. प्रस्तुत निबंधात या विसंगतीचा मागोवा मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील सामाईक विहिरीच्या आधारे घेतला आहे.

२

झाडाचा प्रश्न आधी पाहणे सोयीचे, कारण तो तुलनेने सुटलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (अठराव्या शतकाचे दुसरे दशक) आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जे प्रकरण आहे, त्यात रयतेच्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्यामागचे कारण होय. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच असेल तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. झाड वाढविणाऱ्याचा हक्क त्याच्या श्रमातून येतो, ही कल्पना येथे स्पष्ट आहे.

इंग्रजी अमलातील जमीन महसूल संहितेने (१८७९) हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत सोडवला. ज्या गावांची मूळ पाहणी-जमाबंदी पूर्ण झाली होती तेथे, राखीव ठेवलेली झाडे वगळता, शेतातील झाडांवरचा सरकारी हक्क कब्जेदाराला सोडून दिला असे मानण्यात आले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही धारण केलेल्या जमिनीवरील झाडांचा हक्क धारकाकडेच आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने अनुसूचित झाडे तोडण्यासाठी परवानगी आवश्यक केली; मालकी मात्र बदलली नाही.

बांधावरच्या झाडाचा तंटा गावोगाव होतो, तरी तो मिटतो, कारण खोड कोठे उभे आहे हे दोघांनाही दिसते. खोड एकाच्या हद्दीत असेल तर झाड त्याचे. हद्दीवरच असेल तर सामाईक आणि फळ निम्मे. मुळ्या शेजारच्या रानात शिरल्या किंवा सावलीने चार सऱ्या पिवळ्या पडल्या तर कुरबुर होते, पण मालकी त्यामुळे हलत नाही. जुन्या आमराईत तर आण्यांचे हिस्से चालतात आणि ज्याचा चार आणे हिस्सा त्याच्या पदरी चौथा वाटा फळ पडते. पाट्या भरल्या की वाटणी डोळ्यांसमोर होते. एकाने जास्त घेतले तर ते लपत नाही.

विहिरीचा हिस्सा शब्दाने अगदी असाच आहे. तोही आण्यांत सांगितला जातो, तोही वाटणीपत्रात येतो. पण झाडाच्या खोडासारखी दाखविता येण्याजोगी खूण पाण्याला नाही. म्हणूनच तेथे वाटणी वस्तूची न होता वेळेची झाली. त्या वेळेच्या वाटणीला ‘पाळी’ म्हणतात.

३

पाळीची रचना समजण्यासाठी मोट समजून घ्यावी लागते. मराठी महसुली परिभाषेत बागायत जमिनीचे ‘पाटस्थळ’ आणि ‘मोटस्थळ’ असे दोन वर्ग होते. पाटस्थळ बंधाऱ्याच्या वाहत्या पाण्यावर भिजे, मोटस्थळ विहिरीवर. मोट म्हणजे कातड्याची (पुढे पत्र्याची) मोठी पखाल. ती नाडा आणि सोंदूर या दोन दोरांनी बैलजोडीला जोडलेली असे. उतरत्या धावेवरून बैल खाली गेले की मोट वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. तेथून पाणी पाटाने वाफ्यांकडे जाई. विहिरीची योग्यताही मोटेनेच मोजली जाई : ही एक मोटेची विहीर, ती दुमोटी, पलीकडची चार मोटांची. म्हणजे एकाच वेळी किती मोटा चालविल्या तरी पाणी टिकते, हे विहिरीचे माप होते. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जमिनीची पाणाड्यांकडून तपासणी करून पाण्याच्या जागा नकाशांवर नोंदवाव्यात अशी सूचना केली, तेव्हा त्यांनीही पाण्याचे माप मोटांतच सांगितले आहे.

या मापात एक नैसर्गिक बंधन दडलेले होते. दख्खनच्या पठारावर वरचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळ किंवा मांजऱ्या खडक यांत पाणी साठते. खालचा घट्ट काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. अशा ठिकाणची रुंद विहीर म्हणजे झऱ्यांचे पाणी रात्रभर साठविणारे टाकेच होय. दिवसा उपसायचे, रात्री भरू द्यायचे, असा तिचा क्रम असतो. मोटेचा वेग बैलांच्या पावलांनी ठरत असल्यामुळे विहीर भरण्याच्या वेगाशी उपशाचा वेग जुळून राही.

सोयीसाठी एक हिशेब मांडता येईल. विहिरीचा व्यास आठ मीटर असेल तर तिच्यातील एक मीटर उंचीचे पाणी सुमारे ५०,००० लिटर भरते. रात्रीतून पाणी दोन मीटर चढले तर सकाळी सुमारे १,००,००० लिटर हाती असतात. दीडशे लिटरची मोट तासाला चाळीस खेपा करीत असेल तर ती तासाला ६,००० लिटर उपसते. दोन मोटा आठ तास चालल्या तर ९६,००० लिटर निघतात. म्हणजे रात्री आलेले पाणी संध्याकाळी संपते. जमिनीवर पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे धरले तर एवढ्या पाण्यात सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे भिजतात.

आता या दुमोटी विहिरीत दोन चुलतभावांचा आठ-आठ आणे हिस्सा आहे आणि वडिलांच्या वाटणीपत्रात एकाला सकाळची, दुसऱ्याला दुपारनंतरची पाळी दिली आहे असे समजू. दोघेही आपल्या पाळीत चार तास दोन मोटा चालवितात आणि प्रत्येकाला ४८,००० लिटर मिळतात. घड्याळाप्रमाणे केलेली वाटणी आणि पाण्याप्रमाणे होणारी वाटणी एकच ठरते. वाटणीपत्र लिहिणाऱ्याला पाण्याचा उल्लेख करण्याची गरजच नव्हती. वेळ लिहिली की पाणी लिहिले गेले.

वाटणीपत्रात याखेरीज काही बाबी येत, आणि पुढील तंट्यांत त्याच निर्णायक ठरतात. गाळ काढण्याचा आणि पडलेल्या बांधकामाचा खर्च हिश्शाच्या प्रमाणात करावा. मोटवण आणि धाव ज्याच्या हद्दीत असेल त्याने दुसऱ्याच्या बैलांना वाट द्यावी. पाट कोणत्या बांधाने न्यावा. पाळी चुकली तर ती पुढे मिळेल की बुडेल. या शेवटच्या कलमाचा विसर पडला की उन्हाळ्यात भांडण ठरलेलेच असे.

४

इंग्रजी जमाबंदीने या व्यवस्थेला तीन बाजूंनी स्पर्श केला. पहिली बाजू धाऱ्याची. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५-३६ पासून इंदापुरात जी पाहणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जी पद्धत स्थिर झाली, तीत सर्वे नंबर हे एकक ठरले. १८७९ च्या संहितेने शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणांमुळे, त्यांत विहीरही आली, फेरजमाबंदीत आकार वाढू नये असे तत्त्व स्वीकारले. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरीसाठी तगाई मिळू लागली. विहीर ही भांडवल गुंतविणाऱ्याची सुधारणा ठरली.

दुसरी बाजू नोंदीची. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती संहितेत समाविष्ट झाली. आजच्या सातबारावर ‘इतर अधिकार’ या सदरात सामाईक विहीर आणि तिचे हिस्से लिहिण्याची प्रथा याच नोंदीच्या परंपरेतली आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत ही नोंद खरी मानली जाते, म्हणून तिला महत्त्व आहे. पण तेथे ‘विहीर सामाईक, हिस्सा आठ आणे’ एवढेच येते. पाळीचा क्रम आणि वेळ वाटणीपत्रात किंवा तोंडी राहते.

तिसरी बाजू सर्वांत दूरगामी होती. लँकेशायरमधील एका कापडगिरणीची विहीर शेजारच्या कोळसाखाणीमुळे आटली, तेव्हा १८४३ मध्ये अॅक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात इंग्रज न्यायालयाने गिरणीमालकाला दाद नाकारली. जमिनीखालचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे कळत नाही, म्हणून त्याबाबत शेजाऱ्यांमध्ये हक्क निर्माण होत नाहीत, असा विचार त्यामागे होता. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात हेच तत्त्व आले. ठरावीक प्रवाहात न वाहणारे जे पाणी जमिनीखाली आहे ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा प्रत्येक मालकाला अधिकार आहे, असे त्याच्या सातव्या कलमाचे उदाहरण सांगते. सतराव्या कलमाने आणखी एक दार बंद केले : वीस वर्षे वापर केल्याने वाट किंवा पाट यांचा हक्क मिळू शकतो, पण प्रवाहाविना असलेल्या भूगर्भजलावर असा हक्क मिळू शकत नाही. १८९१ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला.

या तरतुदीचा अर्थ सामाईक विहिरीच्या दृष्टीने सूक्ष्म आहे. विहिरीचे बांधकाम, त्यात साठलेले पाणी उपसण्याची पाळी, धावेची आणि पाटाची वाट, हे सारे हक्क कायद्याला मान्य आहेत. मान्य नाही तो विहिरीपर्यंत येणाऱ्या झऱ्यावरचा हक्क. इनामपत्रातील ‘खेरीज हकदार’ या शब्दांनी जी मर्यादा सांभाळली होती, ती जमिनीखाली उरली नाही. मोटेच्या काळात कोणाला ही उणीव जाणवली नाही, कारण शेजाऱ्याचा झरा ओढून घेण्याइतकी खोल विहीर खणणे कोणाच्याही आवाक्यात नव्हते.

५

पाळीवरून तंटा झाला तर दाद कोठे मागायची? पूर्वी गोतसभा आणि मजालसी अशा वादांचा निवाडा करीत आणि महजर लिहून देत. इंग्रजी काळात तालुक्याच्या मामलेदाराला यासाठी अधिकार मिळाले. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आजही उपयोगात आहे. त्याच्या पाचव्या कलमात शेतजमीन, झाडे, पिके आणि शेतीसाठी वापरले जाणारे विहीर-तलाव-कालव्याचे पाणी ही एकाच ओळीत येतात. ‘जल, तरु’ यांची जुनी सोबत कायद्यात येथे पुन्हा दिसते.

या कायद्याची कार्यपद्धती मुद्दाम साधी ठेवली आहे. ज्याला पाण्यापासून वंचित केले त्याने सहा महिन्यांच्या आत अर्ज करावयाचा. मामलेदाराने (आज तहसीलदाराने) मालकी कोणाची हे ठरवायचे नसते. अर्जदार त्या पाण्याचा वापर करीत होता का, त्याला कायदेशीर मार्गावाचून वंचित केले का, आणि ते सहा महिन्यांच्या आत घडले का, एवढेच पाहायचे असते. उत्तर होकारार्थी असेल तर वापर पूर्ववत करून देण्याचा हुकूम होतो. हक्काचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयाकडे मोकळा राहतो. पाट दुसऱ्याच्या शेतातून न्यावयाचा असेल आणि तो मालक अडवीत असेल तर १९६६ च्या संहितेच्या एकोणपन्नासाव्या कलमाखाली, कमीत कमी नुकसान होईल अशा रीतीने आणि भरपाई देऊन, तहसीलदार परवानगी देऊ शकतो.

व्यवहारात अर्ज फसतात ते बहुधा तीन कारणांनी. सहा महिन्यांची मुदत समेटाच्या बैठकांत निघून जाते. खरेदीखतात ‘विहिरीसह’ एवढेच लिहिलेले असते, आणे लिहिलेले नसतात. मग खरेदीदार हिस्सेदार म्हणून आला की केवळ वापरकर्ता म्हणून, हा वाद उभा राहतो. आणि वीजजोडणी एकाच्याच नावावर असते. तो दुसऱ्याला विहिरीवर येण्यास मनाई करीत नाही, फक्त कळ दाबू देत नाही. हे तिसरे कारण मोट गेल्यानंतर जन्मलेले आहे.

६

विजेचे पंप खेड्यांत पोहोचले तशी मोट मागे पडली. आता वर मांडलेलाच हिशेब पुन्हा करून पाहावा. तीच विहीर, तेच आठ-आठ आणे, तीच सकाळ-दुपारची पाळी. फक्त मोटेच्या जागी सेकंदाला दहा लिटर उपसणारा पंप आला आहे. तो तासाला ३६,००० लिटर बाहेर काढतो. सकाळच्या पाळीचा भाऊ रात्रीतून साठलेले १,००,००० लिटर तीन तासांच्या आत उपसतो. दुपारच्या भावाला मधल्या पाच तासांत झिरपलेले पाणी मिळते. ते पाऊण मीटर धरले तर सुमारे ३७,५०० लिटर होते. कागदावर आठ-आठ आणे असलेली विहीर प्रत्यक्षात साडेअकरा आणि साडेचार आण्यांची झाली आहे. कोणी वाटणीपत्र मोडलेले नाही. दोघेही घड्याळाशी प्रामाणिक आहेत.

तहसीलदाराकडे गेल्यास दुपारचा भाऊ वंचित ठरत नाही, कारण त्याची पाळी त्याला मिळते. म्हणून हा तंटा कायद्यापेक्षा पंचांच्या समजुतीने मिटतो, आणि मिटतो तेव्हा पाळीचे माप बदलूनच. एक उपाय म्हणजे अर्ध्या दिवसाची पाळी मोडून एक दिवसाआड पूर्ण दिवस देणे. रात्रीचा साठा मग आळीपाळीने दोघांनाही मिळतो. दुसरा, सकाळ आणि दुपार दर आठवड्याला उलटविणे. तिसरा उपाय सर्वांत नेमका : विहिरीच्या आतल्या भिंतीवर खूण करून सकाळच्याने त्या खुणेपर्यंतच उपसा करणे. येथे पाळी वेळेची न राहता उंचीची होते आणि हिस्सा पुन्हा डोळ्यांना दिसू लागतो. पहिले दोन उपाय विजेच्या वेळापत्रकावर अडखळतात. वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येत असेल तर ‘एक दिवस’ म्हणजे काय हे नव्याने ठरवावे लागते.

विषम हिश्शांच्या विहिरीत वेगळी अडचण येते. बारा आणेवाल्याला सलग सहा दिवस आणि चार आणेवाल्याला दोन दिवस अशी आठवड्याहून मोठी फेरी असेल, तर सहा दिवसांच्या जोरदार उपशाने केवळ विहीरच नव्हे, तिच्या भोवतालचा मुरूमही कोरडा होतो. सातव्या दिवशी विहीर रात्रीतून पूर्वीइतकी भरत नाही. लहान हिस्सेदाराने सलग दिवसांऐवजी तीन आणि एक अशा लहान फेऱ्या मागण्यामागे हेच कारण असते. ही मागणी हटवादाची वाटते, पण खडकाचे गणित तिच्या बाजूने आहे.

७

पंपानंतर आलेली विंधन विहीर हा या इतिहासातील वेगळाच टप्पा होय. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खडक भेदणारी यंत्रे पिण्याच्या पाण्यासाठी आली आणि कालांतराने शेतात उतरली. समजा, सकाळच्या भावाने सामाईक विहिरीपासून शंभर मीटरवर, पूर्णतः स्वतःच्या गटात, विंधन विहीर घेतली. सामाईक विहिरीतील आपला आठ आणे हिस्सा त्याने सोडलेला नाही. पाळीही तो घेतोच.

आता विहीर रात्रीतून दोन मीटर चढत नाही, एकच मीटर चढते. हे विंधन विहिरीमुळे झाले की पाऊस कमी पडला म्हणून, हा पहिला प्रश्न. तो पडताळण्याची रीत फार अवघड नाही. विंधन विहीर चालू असताना काही दिवस रोज संध्याकाळी आणि पहाटे विहिरीतील पाण्याची पातळी दोरीने मोजावी; मग ती तितकेच दिवस बंद ठेवून पुन्हा मोजावी. बंद असताना चढ ठळकपणे वाढत असेल तर दोन्ही एकाच भेगाळ थरातून पाणी घेतात हे उघड होते. फरक पडत नसेल तर मध्ये घट्ट पाषाण आहे आणि दोष अन्यत्र शोधावा लागतो. बेसाल्टमध्ये दोन्ही गोष्टी संभवतात. शंभर मीटरवरची विहीर आटते आणि तीस मीटरवरचीला काही होत नाही, असे घडते, कारण पाणी अंतराने नव्हे, भेगांनी जोडलेले असते.

पण वस्तुस्थिती सिद्ध झाली तरी १८८२ च्या कायद्याखाली दाद मिळत नाही. भावाने सामाईक विहिरीला हात लावलेला नाही, त्याने आपल्या हद्दीतले पाणी घेतले आहे. सातबारावरचा आठ आणे हिस्सा अबाधित आहे. त्यात फक्त पाणी नाही. लँकेशायरच्या गिरणीमालकाला जे उत्तर मिळाले तेच येथे मिळते. मात्र ते ज्या अज्ञानावर आधारले होते ते अज्ञान आता उरलेले नाही. भूगर्भातील पाण्याची वाट पूर्ण कळत नसली तरी दोरी आणि दहा दिवसांची नोंद यांनी तिचा पुरेसा पुरावा मिळू शकतो.

नंतरच्या कायद्यांनी या मोकळीकीला काही प्रमाणात आळा घातला. १९९३ च्या महाराष्ट्र कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल कायदा जून २०१४ मध्ये अमलात आला आणि साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना त्याने प्रतिबंध केला. परंतु हे दोन्ही कायदे राज्य आणि शेतकरी यांच्यातील नियमन करतात. एका हिस्सेदाराने दुसऱ्याचा झरा ओढला तर ते त्या दोघांमधील हक्काचे उल्लंघन होय, असे म्हणण्याची वाट त्यांतून सरळ निघत नाही. साठ मीटरच्या आतली विंधन विहीरही सामाईक विहिरीला कोरडी करण्यास पुरेशी असते.

८

हिश्शाची कल्पनाच वेगळ्या पायावर उभी करण्याचा एक प्रयत्न पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात झाला. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटले गेले. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी, उसाला पाणी नाही, भूमिहीनालाही वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही, असे तिचे नियम होते.

या नियमांतील शेवटचा नियम या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इनामपत्रातील ‘जल’ जमिनीबरोबर दिले जाई. सुविधाधिकार कायद्यातील पाणी जमिनीच्या मालकाला मिळे. आण्यांचा हिस्साही जमिनीबरोबर वारसाकडे जाई. तिन्ही ठिकाणी पाणी जमिनीला बांधलेले आहे. पाणी पंचायतीने ही गाठ सोडली, आणि मोटेच्या काळात बैलांच्या पावलांनी जी उपशाची मर्यादा आपोआप पाळली जाई ती पिकाच्या आणि क्षेत्राच्या नियमाने जाणीवपूर्वक घातली. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सभासदांच्या करारावर उभी असलेली ही व्यवस्था सभासद नसलेल्या शेजाऱ्याच्या विंधन विहिरीला रोखू शकत नाही. तेथे पुन्हा १८८२ चा कायदा आडवा येतो.

मराठी दस्तऐवजांच्या अभ्यासकाला या सगळ्यातून एक सावधगिरी शिकावी लागते. ‘हिस्सा’, ‘पाळी’, ‘सामाईक’ हे शब्द पेशवेकालीन कागदांपासून आजच्या सातबारापर्यंत न बदलता आलेले दिसतात, म्हणून त्यांचा अर्थही तोच राहिला असे मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात मोटेच्या काळातील आठ आणे म्हणजे निम्मे पाणी, पंपाच्या काळातील आठ आणे म्हणजे निम्मी वेळ, आणि विंधन विहिरीनंतरचे आठ आणे म्हणजे निम्मे दगडी बांधकाम. वाटणीपत्र वाचताना त्यावरील तारखेबरोबरच त्या वर्षी त्या विहिरीवर पाणी कशाने उपसले जात होते हेही पाहावे लागते. आणि आज नवे वाटणीपत्र लिहिताना, वेळेबरोबर पाण्याची उंची आणि आपापल्या गटातील नव्या विहिरींविषयीचा करार लिहिला नाही, तर दोन भावांत वाटल्या जातात त्या फक्त विहिरीच्या भिंती.